लागू नाही

परिपत्रक पहिल्यांदा वाचताना सुसाना गावित हातात पेन घेत नसे. अनोळखी गावातून चालत जावं तसं नुसतं वाचायचं. वळण कुठे आहे, विहीर कुठे आहे, एवढं बघून ठेवायचं. दुसऱ्या वाचनाला पिवळा मार्कर. तिसऱ्या वाचनाला तक्ता: कलम कुठलं, करायचं काय, कोणत्या विभागाने, कोणत्या तारखेपर्यंत, आणि केल्याचा पुरावा कोणता. नंदुरबार शहराबाहेरच्या हेमकिरण मसाल्यांच्या कारखान्यात सहा वर्षं ती हे काम करत होती. सरकारी खात्यांकडून येणारी जाडजूड इंग्रजी परिपत्रकं ती मराठीत एका पानावर आणायची आणि ते पान तीन व्यवस्थापकांना पाठवायची: एक कारखान्याचे, एक खापरच्या खरेदी केंद्राचे, आणि तिसरे लोणखेड्याच्या पथारीचे नवनीत पाटील. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. कंपनीने भाड्याने घेतलेल्या अठरा एकर पडीक जमिनीवर डिसेंबरपासून मिरची पसरलेली असे, आणि सातपुड्यातून आलेल्या बाया तिथे देठ खुडायला बसत.

तेरा मार्चच्या शुक्रवारी दुपारी आलेलं परिपत्रक उन्हाबद्दल होतं. उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांचं संरक्षण, असा विषय. चौदा पानं, मागे तीन परिशिष्टं, तारीख दहा मार्च. गेल्या वर्षी याच विषयावर एक पत्र आलं होतं, पण तो नुसता सल्ला होता. या वेळी पानोपानी ‘शॅल’ होतं, म्हणजे करावंच लागेल. ‘मे’, म्हणजे वाटलं तर करा, असं दोनच ठिकाणी.

दुपारचे तीन वाजले होते. कूलरमधून येणाऱ्या गार वाऱ्यालाही तिखटाचा वास होता. खालच्या मजल्यावर चक्की चालू होती आणि तिची थरथर टेबलातून कोपरांपर्यंत येत होती, झोपाळ्यावर बसल्यासारखी. पापण्या जड झाल्या. अक्षरं एकमेकांपासून सुटून कागदावर तरंगू लागली आणि परत जागेवर येऊन बसली. सुसानाने डोळ्यांना पाणी लावलं आणि वेळ वाचावा म्हणून गेल्या वर्षीचा तक्ता उघडला. विभागांची नावं त्यात आयती होती. नवी कलमं तिने एकेका विभागासमोर बसवली. पिण्याच्या थंड पाण्याची सोय, देखभाल विभाग, तात्काळ. दुपारी बारा ते चार उघड्यावर काम बंद, उत्पादन विभाग, पंधरा मार्चपासून. ठेकेदारांची हमीपत्रं, मनुष्यबळ विभाग, सात दिवसांत. उष्णता कृती आराखडा खात्याला सादर करणं, पंधरा दिवसांत. इथे मात्र ती जागी झाली. दिवस मोजायचे ते परिपत्रकाच्या तारखेपासून, मेल आल्यापासून नाही. म्हणजे अठ्ठावीस नव्हे, पंचवीस मार्च. ही चूक आपण पकडली याचं तिला बरं वाटलं.

सर्वांत खालच्या ओळीत गेल्या वर्षीचे शब्द तसेच होते. खापर केंद्र, लोणखेडा पथारी: लागू नाही. जुना सल्ला फक्त कारखान्याच्या आवारापुरता होता. नव्या परिपत्रकाच्या पहिल्या पानावरही ‘कारखान्याचे आवार’ हेच शब्द होते. तिने ती ओळ राहू दिली आणि पाच वाजता पान पाठवून दिलं.

बुधवारी दुपारी दीड वाजता नवनीतभाऊंचा फोन आला. मागे बायांचा गलका होता.

“सुसानाताई, आठे एक पोर पडी गई. निशा. दिवलीबाईनी धाकली सून. उन मा बसेल व्हती, उठाले गई आनि आडवीच व्हयनी.”

“शुद्धीवर आहे का?”

“आते शे. दिवलीबाईनी ओलं लुगडं गुंडाळं तिले. शहादाले दवाखानामा पाठाडी दिन्ही. पाच महिनानी पोटुशी शे ती.” मग आवाज खाली आला. “मी तुम्हना कागद पाह्या ना ताई. मोबाइलमा शे. लागू नाही, अशे तुम्हीनच लिखेल शे. नही ते मी बसाडतूच नही त्यास्ले.”

त्यात आरोप नव्हता. एखादा माणूस विहिरीत वाकून हाक मारून बघतो, तसा तो आवाज होता. सुसानाने परिपत्रकाची छापील प्रत उचलली आणि कंपनीच्या गाडीत बसली.

शहाद्याकडे जाताना प्रकाशाला तापी ओलांडावी लागते. त्या दिवशी नदी रुंद आणि निश्चल पडली होती, आणि उन्हाच्या झळांमुळे पलीकडची देवळं पाण्यापासून वीतभर वर उचलल्यासारखी दिसत होती. सुसाना मांडीवरची पानं उलटत होती. पहिल्यांदा वाचलं होतं ते तिला आठवेना, जणू तो कागद दुसऱ्याच कुणी वाचला होता. तिसऱ्या पानावर एका ओळीत, कंसात: ‘संज्ञांच्या अर्थासाठी परिशिष्ट अ पाहावे.’ तिने परिशिष्ट अ काढलं. संज्ञा चौथी. आवार म्हणजे कारखान्याची हद्द, आणि उत्पादनाशी निगडित काम जिथे चालतं अशी कोणतीही मोकळी जमीन, मग ती मालकीची असो वा भाड्याची, काम थेट चालो वा ठेकेदारामार्फत.

तिने ते वाक्य तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा त्यातले शब्द उरलेच नाहीत. उरली ती नुसती अठरा एकरांची लाल जमीन आणि तिच्यावर बसलेल्या एकशेचाळीस बाया.

आधी ती दवाखान्यात गेली. निशा खाटेवर कुशीवर झोपली होती, हाताला सलाईन. बाळाचे ठोके ठीक आहेत, असं नर्सने सांगितलं. झोपेत निशाची बोटं हलत होती; चिमटीत काहीतरी धरायचं, मोडायचं, बाजूला टाकायचं. ती झोपेतही देठ खुडत होती. सुसाना बराच वेळ ती बोटं बघत उभी राहिली.

पथारीवर पोचेपर्यंत साडेतीन झाले होते. नवनीतभाऊ फाटकापाशी पत्र्याच्या शेडखाली उभे होते. पन्नाशीचा, सुपारी चघळणारा हा माणूस आज सुपारीशिवाय होता. सुसानाने त्यांच्यासमोर परिशिष्ट धरलं आणि त्या वाक्याखाली बोट ठेवलं.

“भाऊ, लागू आहे. पंधरा तारखेपासून लागू आहे. मी शेवटची पानं नीट वाचली नाहीत.”

त्यांनी चष्मा चढवला, वाचलं, चष्मा उतरवला. “मंग आते?”

“आता बाया कुठे आहेत?”

नवनीतभाऊंनी मैदानाकडे हात केला. सुसानाने पाहिलं, आणि क्षणभर तिला काहीच दिसलं नाही. दूरवर लाल, आणि त्यावर थरथरणारी हवा. पांढऱ्या उजेडात बाया पाण्यात बसल्यासारख्या दिसत होत्या, कमरेपर्यंत बुडालेल्या.

“बठास्ले उठाडतस,” नवनीतभाऊ म्हणाले, आणि सगळ्यांना उठवायला शिट्टी वाजवत पुढे गेले. शिट्टीचा आवाज मैदानावरून जाऊन लांब कुठेतरी विरला. मग लाल पाण्यातून एकेक बाई वर आली.

पण बसायचं कुठे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला. शेडमध्ये पन्नासजणीही मावेनात. बाकीच्या भिंतीच्या कडेला दाटीवाटीने बसल्या. परिपत्रकातलं सहावं कलम सुसानाला तोंडपाठ होतं: सावलीची विश्रांतीची जागा कामाच्या ठिकाणापासून शंभर मीटरच्या आत, आणि सर्व कामगार एकाच वेळी बसू शकतील एवढी. तक्त्यात तिने हे कलम ‘पूर्तता झालेली आहे’ असं लिहून मोकळं केलं होतं. कारखान्यात मोठं कॅन्टीन होतं म्हणून.

निशाची सासू दिवलीबाई एकटीच उभी होती. धडगावकडची, साठीच्या आसपासची, उन्हाने काळवंडलेली, सरळ पाठीची. दर हिवाळ्यात ती कुटुंबासह खाली उतरायची. घरात पावरी बोलायची, पण नवनीतभाऊंशी तोडकी अहिराणी आणि साहेबलोकांशी तोडकी मराठी बोलायची.

“निशा बरी आहे,” सुसाना म्हणाली. “मी बघून आले. बाळही बरं आहे.”

दिवलीबाईने मान हलवली. मग विचारलं, “तू कागदवाली बाई?”

“हो.”

“कागदात सावली आहे?”

“आहे. शंभर मीटरच्या आत, असं लिहिलंय.”

“कुठे लावणार?”

सुसानाने मैदानाच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे बांबू रोवून हिरवी जाळी टाकता येईल, असं तिला वाटत होतं. दिवलीबाई हसली नाही, पण तिच्या डोळ्यांच्या कडा आकसल्या. तिने सुसानाचं मनगट धरलं आणि चालायला लागली.

त्या दोघी मिरचीच्या वाफ्यांमधल्या अरुंद पायवाटांवरून चालत राहिल्या. जमीन चपलेतून भाजत होती. दिवलीबाई मधेच थांबायची, आकाशाकडे बघायची, दहा पावलं पूर्वेकडे जायची आणि पायाने मातीत रेघ ओढायची. सावली चालते, एवढंच ती म्हणाली. बारा वाजता ती जाळीच्या खालीच असते, पण तीन वाजता निघून मिरचीवर जाते, आणि जाळीखाली ऊन येऊन बसतं. म्हणून जाळीची पश्चिमेची बाजू खाली सोडायची, जवळजवळ जमिनीपर्यंत. आणि मधोमध एक नाही, चार. कारण लेकुरवाळी बाई शंभर मीटर चालत नाही, ती मुलाजवळच बसते. मुलं झोळ्यांत असतात, आणि झोळ्या बाभळींना टांगलेल्या. बाभळी चार ठिकाणी.

सुसानाने चारही रेघांचे फोटो काढले. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. दिवलीबाईने तिला शेवटच्या बाभळीखाली बसवलं आणि मडक्यातलं पाणी दिलं. पाण्याला मातीचा वास होता. बाभळीच्या फांदीवरून लोंबणाऱ्या झोळीत एक बाळ झोपलं होतं, आणि वारा नसताना झोळी हलत होती. तिच्याकडे बघता बघता सुसानाचे डोळे मिटले.

तिला दिसलं की तिची आई, नवापूरकडच्या डोंगरातल्या घरातून निघालेली एस्तेर, अनवाणी या लाल जमिनीवरून चालतेय. जमिनीवर तक्त्याच्या रेघा आखलेल्या आहेत आणि प्रत्येक चौकोनात एक बाई बसलेली आहे. आई एकेका चौकोनापाशी थांबून नाव विचारते, बाई नाव सांगते, आणि आई पुढे जाते. शेवटच्या चौकोनात कुणीच नाही. आई तिथे स्वतः बसते, पदर डोक्यावर घेते आणि वाट बघू लागते. सुसानाला ओरडून सांगायचं होतं की आई, ऊठ. पण तोंडातून आवाजाऐवजी तारखा येत होत्या.

जाग आली तेव्हा पाच मिनिटंच झाली असतील. झोळीतलं बाळही जागं झालं होतं आणि तिच्याकडे बघत होतं.

गुरुवारी सकाळी सातला ती कार्यालयात होती. या वेळी तिने जुना तक्ता उघडला नाही. कोऱ्या कागदावर आधी परिशिष्टं घेतली, मग कलमं. प्रत्येक कलमापुढे कारखाना, खापर, लोणखेडा असे तीन रकाने केले आणि एकही रकाना रिकामा सोडला नाही. जिथे लागू नाही असं लिहायचं तिथे कारण आणि कलम लिहिलं. खापरच्या केंद्रात गाड्यांमधून पोती उतरवणारे हमाल मागच्या उघड्या अंगणात काम करतात, हे तिला तेव्हाच सुचलं. म्हणजे खापरलाही लागू. कामाच्या वेळा: साडेसहा ते बारा, मधे अर्ध्या तासाची विश्रांती, आणि चार ते साडेसहा. सकाळच्या पहिल्या मिनिटापासून संध्याकाळच्या शेवटच्या मिनिटापर्यंत बारा तासांच्या वर जायचं नाही, अशी मर्यादा परिपत्रकात होती. तिने बोटांवर मोजलं, बरोबर बारा भरले. आणि मग अकरावं कलम, जे तिने पहिल्या तक्त्यात अगदी शेवटी टाकलं होतं: उष्णतेने कुणी आजारी पडल्यास घटनेपासून अठ्ठेचाळीस तासांत खात्याला लेखी कळवावे. त्या कलमाला तारीख नव्हती. घटना घडली की तेव्हापासून घड्याळ सुरू. निशा बुधवारी एक वाजता पडली होती. म्हणजे शुक्रवारी दुपारी एक.

पानाच्या अगदी वर तिने लिहिलं: ‘आवृत्ती दोन. तेरा मार्चची आवृत्ती एक रद्द समजावी. त्या आवृत्तीत लोणखेडा आणि खापर इथे परिपत्रक लागू नाही असं चुकीने लिहिलं होतं. चूक माझी. बदललेल्या ओळी पिवळ्या केल्या आहेत. प्रत्येकाने वाचून आपल्या नावापुढची कामं कबूल असल्याचं उत्तर आज पाठवावं.’

पान तिने तिन्ही व्यवस्थापकांना पाठवलं आणि एक प्रत मालकांच्या सहीसाठी ठेवली. अकरा वाजता मालक अजितशेठ यांनी तिला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. कामगारांच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय ते दरवर्षी करायचे. पण खिडकीपाशी उभे राहून त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, “सुसाना, बाकी सगळं ठीक. ही ‘चूक माझी’ची ओळ काढून टाक. आणि तारीख तेरा घाल.”

“तेरा?”

“तेरालाच पाठवलंस ना तू? मग तेच पान, सुधारून. मुकादम उदेसिंगचं हमीपत्र सोळा तारखेचं घे, म्हणजे सात दिवसांत बसेल. आणि कळवायचं काय त्यात? पोरगी बरी आहे. चक्कर कुणाला येत नाही?”

सुसानाला आपण पाण्याखालून ऐकतोय असं वाटलं. शेठचा आवाज दुरून येत होता, आणि त्यांच्या मागे खिडकीत पिवळं ऊन हलत होतं.

“शेठ, तेरा तारखेचं पान नवनीतभाऊंच्या मोबाइलमध्ये आहे,” ती म्हणाली. “ते त्यांनी वाचलं, आणि बायांना बसवलं. ते खरंच तसं घडलं. मी तारीख बदलली तर उद्या सगळं त्यांच्या अंगावर येईल. मी बरोबर लिहिलं होतं आणि त्यांनी ऐकलं नाही, असा त्याचा अर्थ होईल.”

“मी असं कुणाला म्हणू देणार नाही.”

“कागद म्हणेल ना. हमीपत्र तीन दिवस उशिरा गेलं तर उशिराचं कारण लिहिता येतं. खोट्या तारखेचं कारण लिहिता येत नाही.”

टेबलावरचा फोन वाजला. नवनीतभाऊच होते. शेठनी फोन स्पीकरवर टाकला.

“शेठ, कागद वाचा मी. दोन नंबरना. बारा वाजता बठास्ले उठाडतस. जाळी आनाले गाडी धाडेल शे. चार ठिकाणे लागी, दिवलीबाईनी जागा दाखाडेल शेत. मले कबूल शे, अशे उत्तर धाडी दिन्हं. सही करानी का नही ते तुम्हीन पहा. मन्हं काम मी चालू करी दिन्हं.”

फोन बंद झाल्यावर शेठ खुर्चीत बसले. चक्कीची थरथर खालून वर येत राहिली. त्यांनी पान पुन्हा समोर ओढलं आणि विचारलं, “त्या पोरीचं नाव काय?”

“निशा.”

“कळवायच्या पत्रात नाव नीट लिही,” ते म्हणाले. “संपूर्ण. नवऱ्याचं, गावाचं.” आणि सही करून पान तिच्याकडे सरकवलं. ‘चूक माझी’ची ओळ तशीच होती. तारीख एकोणीस.

शुक्रवारी साडेअकराला पत्र गेलं. त्याच दुपारी मुकादम उदेसिंग पाडवी हमीपत्रावर सही करायला आला. एकशेचाळीस माणसं डोंगरातून आणण्याची जबाबदारी त्याची होती. सुसानाने हमीपत्र मोठ्याने वाचून दाखवलं: दुपारी काम नाही, पाण्याची मडकी दर पन्नास पावलांवर, गरोदर बाईला सावलीतच काम, आणि वेळ बदलली म्हणून मजुरी कमी नाही. शेवटच्या वाक्याला उदेसिंगने हात वर केला.

“मॅडम, आमच्या बाया वजनावर काम करतात. किलोवर. कमी कशी नाही होणार?”

सुसाना थबकली. परिपत्रकात रोजंदारीचा विचार होता, वजनाचा नव्हता. तिने परत पाहिलं, परिशिष्टंही पाहिली. नव्हताच. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी खात्याला विचारते. उत्तर येईपर्यंत आपण कामगाराच्या बाजूचा अर्थ धरू. मागच्या पंधरवड्यातल्या सरासरीपेक्षा कमी पडलं तर कंपनी भरून देईल. शेठना सांगून मी हे पानावर लिहिते.”

उदेसिंगने तारखेच्या जागी वीस लिहिलं आणि सही केली. सतरा तारखेची मुदत टळल्याचं कारण सुसानाने खाली तीन ओळींत लिहिलं.

चोवीस मार्चला, मुदतीच्या एक दिवस आधी, आराखडा खात्याला गेला. त्यात चार जाळ्यांचे फोटो होते, पश्चिमेची बाजू जमिनीपर्यंत सोडलेली. परिपत्रकाने सांगितलेलं कामगारांचं प्रशिक्षणही एकतीस तारखेच्या आत झालं. आरोग्य केंद्रातली एक परिचारिका लोणखेड्याला येऊन बोलली, आणि दिवलीबाईने तिचं बोलणं पावरीत करून सांगितलं, मधेमधे स्वतःचंही घालून. बायका खूप हसल्या. काय सांगितलं ते परिचारिकेला कुणी सांगितलं नाही. निशा घरी, धडगावच्या डोंगरात परतली होती. तिच्या नवऱ्याने तिच्या जागी देठ खुडायला बसायचं ठरवलं आणि पहिल्या दिवशी बोटं इतकी भाजून घेतली की दिवलीबाईने त्याला पाण्याची मडकी भरायच्या कामाला लावलं.

खात्याची नोटीस आली. पंधरा ते अठरा मार्च नियमभंग का झाला, याचा खुलासा मागितला होता. सुसानाने दोन्ही आवृत्त्या जोडून खुलासा पाठवला. उत्तरात ताकीद आली, आणि एप्रिलमध्ये पाहणी होईल असंही.

पाहणीला आलेले अधिकारी वयस्कर होते, नाव वाहरू वसावे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दीड वाजता, आगाऊ न कळवता ते लोणखेड्याला उतरले. सुसाना त्या दिवशी नोंदवही तपासायला आलेलीच होती. नवनीतभाऊ त्यांना आत घेऊन गेले.

मैदानावर कुणी नव्हतं. अठरा एकर मिरची एकटीच वाळत होती, उन्हात हळूच करकरत. जवळ गेलं की लक्षात यायचं, प्रत्येक जाळीखाली तीस-पस्तीस बाया झोपल्या होत्या. गोधड्या अंथरलेल्या, पदर चेहऱ्यावर, कुणाचा हात कुणाच्या केसांत. मडक्यांवर ओली फडकी. हिरव्या जाळीतून गाळलेला उजेड त्यांच्या अंगावर पानांसारखा पडला होता, आणि श्वासांचा एकच मोठा आवाज वर-खाली होत होता.

वसावे साहेबांनी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कुजबुजत म्हणाले, “एकूण किती?”

“एकशे सदतीस,” नवनीतभाऊही कुजबुजले.

साहेबांनी चपला काढून हातात घेतल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायवाटेने जाऊन त्यांनी चारही जाळ्या पाहिल्या, पावलांनी अंतरं मोजली, मडकी मोजली. परत येऊन बाभळीखाली बसले आणि नोंदवहीत लिहू लागले. दोन त्रुटी काढल्या: तिसऱ्या जाळीजवळ प्रथमोपचार पेटी नाही, आणि तापमानाच्या नोंदीत सात एप्रिलचा रकाना कोरा. सुसानाने दोन्ही टिपून घेतल्या, पुढे जबाबदार माणूस, पुढे तारीख.

“वजनाच्या मजुरीबद्दल तुमचा मेल आला होता,” साहेब हळूच म्हणाले. “अजून कुणीच विचारलं नव्हतं. वर पाठवलाय. स्पष्टीकरण निघेल.”

“कधी?”

“ते मला नाही सांगता येणार.”

ते गेल्यावर गाडीचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग थांबला. नवनीतभाऊ शेडमध्ये जाऊन आडवे झाले. सुसाना जवळच्या जाळीखाली वाकून शिरली. कडेला झोपलेली एक अनोळखी बाई अर्धवट जागी झाली, काही न बोलता सरकली आणि गोधडीचा कोपरा तिच्यासाठी मोकळा केला. सुसाना कुशीवर झाली. बाहेर चार वाजायला अजून खूप वेळ होता.